प्रस्तावना : ट्रक नेमका कुठे अडवला?

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि पुढचे काही महिने बार रूममध्ये आकड्यांखेरीज दुसरी बोलणी नव्हती. ३०२चे १०३ झाले, ३०७चे १०९ झाले, ४२०चे ३१८ झाले. आयुष्यभर पाठ असलेले सगळे नव्याने पाठ करायचे. त्या गडबडीत चौथ्या प्रकरणाकडे फारसे कोणी थांबून पाहिले नाही. जुन्या दंड संहितेत अपप्रेरणा पाचव्या प्रकरणात होती, कट तिच्या मागे नंतर जोडलेल्या ‘पाच-अ’ प्रकरणात होता आणि प्रयत्न थेट शेवटच्या, ५११व्या कलमात. नव्या संहितेने तिघांना एकाच प्रकरणात आणले. कलम ४५ ते ६० अपप्रेरणेची, ६१ गुन्हेगारी कटाचे, ६२ प्रयत्नाचे. मांडणी म्हणून हे चांगले झाले, कारण तिन्ही कलमे अशा माणसांना गाठतात ज्यांच्या हातून मूळ गुन्हा पुरा झालेला नसतो. कधी तो घडलेलाच नसतो, कधी तो दुसऱ्याच कोणाच्या हातून घडलेला असतो.

शेजारी बसवल्याने गोंधळ मात्र कमी झालेला नाही. ‘आरोपींनी आपसांत संगनमत करून, कट रचून, एकमेकांस चिथावणी व साहाय्य देऊन सदर गुन्ह्याचा प्रयत्न केला’ अशा धाटणीचे वाक्य दोषारोपपत्रात एका दमात लिहिले जाते, आणि वाचणाऱ्याला वाटते की ही एकाच गोष्टीची चार नावे आहेत. प्रत्यक्षात सरकार पक्षाने सिद्ध करायची गोष्ट प्रत्येक शब्दागणिक बदलते. कटात दोन मनांचा मेळ सिद्ध करावा लागतो. अपप्रेरणेत एका माणसाने दुसऱ्याच्या मनासाठी किंवा हातासाठी काय केले ते दाखवावे लागते. प्रयत्नात दुसरा माणूस असण्याचीही गरज नाही. तिथे आरोपी गुन्ह्याच्या किती जवळ पोचला होता ते पाहतात. पुढच्या प्रकरणांत कलमवार चर्चा आहेच. या प्रस्तावनेत मी एकच खटला हाताशी धरून हे तीन प्रश्न वेगळे करून दाखवणार आहे. खटला आपल्याकडचा आहे, वसईच्या खाडीचा.

१९६८ साली कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना खबर लागली की मुंबईहून एक जीप आणि एक ट्रक चांदी घेऊन वसईजवळ किनाऱ्याकडे निघणार आहेत. अधिकारी रात्री महामार्गावर शिरसाट नाक्यापाशी दबा धरून बसले. मध्यरात्रीच्या सुमारास जीप गेली, मागून ट्रक गेला. त्यांनी तिथे अडवले नाही, दुरून पाठलाग केला. गाड्या कामणच्या खाडीवरील पुलाजवळ थांबल्या. आतल्या माणसांनी गाठोडी उतरवून जमिनीवर ठेवायला सुरुवात केली. अधिकारी धावले, आणि त्याच वेळी खाडीच्या बाजूने यांत्रिक होडीच्या इंजिनाचा आवाज ऐकू आला. झडतीत जीपमध्ये चांदीच्या विटा सापडल्या आणि ट्रकमध्ये लाकडाच्या भुशाच्या पोत्यांखाली आणखी विटा. चांदी देशाबाहेर नेण्यावर तेव्हा निर्बंध होते, म्हणून आरोप ठेवला गेला तो चोरट्या निर्यातीच्या प्रयत्नाचा.

मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली. ठाण्याच्या अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी ती रद्द केली. त्यांचे म्हणणे असे की चांदी अजून जमिनीवर होती, होडीत गेली नव्हती, मग ही तयारी झाली, प्रयत्न नव्हे. उच्च न्यायालयाने तेच मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९८० मध्ये तो निर्णय फिरवला आणि प्रयत्न पुरा झाला होता असे म्हटले.

या निकालातले न्या. चिन्नप्पा रेड्डी यांचे छोटेसे स्वतंत्र निकालपत्र विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे. त्यांनी तोच ट्रक मनातल्या मनात वेगवेगळ्या ठिकाणी अडवून पाहिला आहे. प्रवासाच्या सुरुवातीलाच, किंवा अगदी शिरसाट नाक्यावर तो धरला असता, तर चांदी सापडली असती, पण फार तर तयारी सिद्ध झाली असती. हायवेवरचा ट्रक चांदी कुठेही नेत असू शकतो. निर्जन खाडीपर्यंत तो पोचल्यावर हेतू दिसू लागतो, तरीही चांदी किनाऱ्या-किनाऱ्याने देशातच दुसरीकडे न्यायची होती असा बचाव उरतोच. मध्यरात्र, लपवाछपवी, खाडीच्या काठावर उतरवलेला माल, हे सगळे एकत्र पाहिल्यावर निर्यातीशिवाय दुसरा अर्थ लागत नाही. म्हणून ट्रक किती किलोमीटर आला आणि किती उरले, या हिशेबाने त्यांनी प्रयत्न मोजला नाही. केलेल्या कृतीतून तो विशिष्ट गुन्हा करण्याचा इरादा खात्रीने बाहेर दिसतो का, ही कसोटी त्यांनी लावली.

याच्या शेजारी ठेवून वाचायचा तो पंजाबचा भाताचा खटला. १९६६ साली धान्य राज्याबाहेर नेण्यावर बंदी असताना भाताची पंच्याहत्तर पोती घेऊन दिल्लीकडे निघालेला ट्रक समालखा नाक्यावर अडवला गेला. जागा तेव्हाच्या राज्याच्या हद्दीत होती आणि हद्द अजून चौदा मैल दूर होती. माल दिल्लीच्या व्यापाऱ्याच्या नावाचा होता, कागद सापडले होते, हेतूबद्दल फारशी शंका नव्हती. तरी सर्वोच्च न्यायालयाने ड्रायव्हर आणि क्लीनर यांना सोडले. न्यायालय म्हणाले की कोणी सावध केले असते, तर ट्रक त्या चौदा मैलांत कुठेही मागे वळू शकला असता, आणि मागे वळल्यावर जे काही आधी केले ते निरुपद्रवी ठरले असते.

हे दोन निकाल एकमेकांशी पुरते जुळत नाहीत, आणि जुळवण्याचा आटापिटा करू नये असे माझे मत आहे. इरादा उघड होणे हीच कसोटी असेल तर भाताचा ट्रक अडचणीत येतो. मागे फिरण्याची वाट उरणे ही कसोटी असेल तर खाडीवर उतरवलेली चांदीही पुन्हा ट्रकमध्ये चढवता आली असती. वकील आपल्या अशिलाला सोयीची कसोटी उचलतो. तयारी आणि प्रयत्न यांच्यामधली रेघ प्रत्येक खटल्यात नव्याने ओढली जाते. फक्त काही मोजक्या गुन्ह्यांत कायद्याने हा वादच मिटवून टाकला आहे. ‘दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद’ हा मथळा आपण नेहमी वाचतो तो त्यामुळेच. दरोड्याची नुसती तयारीही शिक्षापात्र आहे.

आता त्याच चांदीला मुंबईत परत नेऊ. ट्रक अजून निघालेला नाही, भुशाची पोती भरलेली नाहीत. समजा तिघे एका खोलीत बसले आहेत. एकाकडे चांदी आहे, दुसऱ्याकडे गाड्या, तिसऱ्याची होडीवाल्याशी ओळख. बोलणी होतात, रात्र ठरते, तिघे उठतात. तयारीचा गुन्हा नाही, प्रयत्नाचे तर नावही नको. पण कट त्या खोलीतच पुरा झाला. कलम ६१ म्हणते की दोन किंवा अधिक माणसांनी समान उद्देशाने बेकायदेशीर गोष्ट करण्याचा, किंवा कायदेशीर गोष्ट बेकायदेशीर मार्गाने करण्याचा करार केला की तो गुन्हेगारी कट होय. ठरलेली गोष्ट स्वतः गुन्हा असेल, तर करारापलीकडे आणखी काही करावे लागत नाही. ती नुसतीच बेकायदेशीर असेल, म्हणजे गुन्हा नाही पण दिवाणी दावा होईल अशी असेल, तरच करारानुसार एखादी कृती झालेली असावी लागते.

विचित्र वाटेल, पण परिणाम असा आहे : शिरसाट नाक्यावर अडवलेला ट्रक प्रयत्न ठरत नाही, आणि तो निघण्यापूर्वीचा करार मात्र कट ठरतो. एकट्याने हेच सगळे योजले, वहीत लिहिले, होडीचे भाडेही ठरवले, तर कायदा त्याला हात लावत नाही. दोघांनी मिळून ठरवले की लावतो. यामागचे कारण इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या १८६८ सालच्या मल्कही खटल्यात सापडते. मनातला बेत मनात असेतोवर दंडनीय नसतो, पण दोघांनी तो अमलात आणायचे कबूल केले की ते कबूल करणे हीच एक कृती होते. मला हे कारण पूर्ण पटत नाही, कारण बोलणे आणि करणे यांतले अंतर दोघांच्या बाबतीतही उरतेच. पण टोळीतला प्रत्येक जण दुसऱ्याला मागे फिरू देत नाही, हा व्यवहारातला अनुभव त्या नियमामागे आहे, आणि तो खोटा नाही.

म्हणून कटाच्या खटल्यात सगळी लढाई ‘करार’ या एका गोष्टीवर होते. करार लेखी नसतो, बहुतेक वेळा शब्दांतही नसतो. कोणी साक्षीदार बोलावून गुन्हा ठरवत नाही. न्यायालये तो परिस्थितीवरून ताडतात : कोण कोणाला कधी भेटला, पैसे कुठून कुठे गेले, फोन कधी झाले, आणि वेगवेगळ्या माणसांच्या हालचाली एकमेकींत अशा बसतात का की आधी ठरल्याशिवाय त्या बसल्याच नसत्या. प्रत्येकाला सगळी योजना ठाऊक असण्याची गरज नाही, सगळ्यांनी एकमेकांना पाहिलेले असण्याचीही नाही. पण समान उद्देश ठाऊक असला पाहिजे आणि त्याला होकार असला पाहिजे. ओळख म्हणजे होकार नव्हे. एका घरात राहणे, एका गाडीतून जाणे, गुन्ह्याविषयी आधी कानावर येणे, एवढ्यावर कट सिद्ध होत नाही.

राजीव गांधी हत्येच्या खटल्यात हे फार ठळकपणे दिसले. खालच्या न्यायालयाने १९९८ मध्ये सव्वीसच्या सव्वीस आरोपींना फाशी दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये त्यांतल्या एकोणिसांची हत्येच्या कटातून सुटका केली. कोणी आश्रय दिला होता, कोणी मारेकऱ्यांना नंतर लपवले होते; वेगळे गुन्हे त्यांनी केले असतील, पण हत्या ठरवण्याच्या करारात ते सामील होते हे सिद्ध झाले नाही. ज्यांची शिक्षा कायम राहिली त्यांत नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या विकत आणून देणारा एक तरुण होता. त्याच्याविरुद्ध पुरावा तेवढाच नव्हता. पण त्याचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या तपास अधिकाऱ्यानेच बऱ्याच वर्षांनी जाहीरपणे सांगितले की, बॅटऱ्या कशासाठी हव्या आहेत हे मला माहीत नव्हते, हे त्याचे म्हणणे आपण लिहून घेतले नव्हते. कटाच्या कायद्यात गळलेल्या एका वाक्याचे वजन किती असते, ते यावरून कळावे.

बॅटरी हजार कामांना लागते. आरडीएक्सचे तसे नाही. मुंबईतल्या १९९३च्या बॉम्बस्फोट खटल्यात दोषारोप ठेवण्याच्या टप्प्यावर हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि १९९६च्या निकालात त्यांनी एक उपयोगी फरक केला. वस्तू देणाऱ्याला तिच्या बेकायदेशीर वापराची नुसती कल्पना असणे सहसा पुरेसे नाही, त्याचा त्या उद्देशात सहभाग दिसला पाहिजे. पण वस्तूच अशी असेल की सामान्य माणसाच्या हाती तिचा कोणताही कायदेशीर उपयोग संभवत नाही, तर ती नेमकी कुठे आणि कशी वापरायची होती हे देणाऱ्याला माहीत होते, असे वेगळे सिद्ध करायची गरज उरत नाही. एरवी जी गोष्ट साक्षीपुराव्याने सिद्ध करावी लागते, ती इथे वस्तूच्या स्वभावावरून निघते. चांदी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते. ती बाळगणे गैर नाही, पण ती भुशाच्या पोत्यांखाली रात्री खाडीवर नेणे बोलके आहे.

कटाच्या पुराव्याला कायद्याने एक विशेष सवलत दिली आहे आणि तिचा दुरुपयोगही तितकाच होतो. एरवी एका आरोपीचे बोलणे दुसऱ्याविरुद्ध वापरता येत नाही. पुरावा कायद्याच्या जुन्या कलम १० नुसार, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ८ नुसार, कट होता असे मानायला वाजवी आधार असेल तर एकाने समान उद्देशासंबंधी जे म्हटले, लिहिले किंवा केले ते सगळ्यांविरुद्ध चालते. पण कट जिवंत असेपर्यंतच. प्रिव्ही कौन्सिलने १९४० साली हे स्पष्ट केले. प्रकरण एका विवाहित स्त्रीच्या नवऱ्याच्या खुनाचे होते. तिने आणि तिच्या प्रियकराने खुनाआधी एकमेकांना लिहिलेली पत्रे पुराव्यात घेता आली. अटकेनंतर तिने मॅजिस्ट्रेटपुढे जे सांगितले ते या कलमाखाली त्याच्याविरुद्ध घेता आले नाही. बेत पार पडल्यावर किंवा फसल्यावर केलेले कथन हा झाल्या गोष्टीचा वृत्तान्त असतो, तो बेताचा भाग नसतो. दोषारोपपत्र हाती आले की मी आधी प्रत्येक जबाबाची तारीख आणि अटकेची तारीख शेजारी शेजारी लिहितो. पुष्कळदा निम्मा पुरावा तिथेच बाजूला पडतो.

आणि एका हाताने टाळी वाजत नाही, ही म्हण इथे अक्षरशः कायदा आहे. मुंबईच्या एका खटल्यात चौघांवर कटाचा आरोप होता. तिघे सुटले, आणि कटात त्या चौघांशिवाय आणखी कोणी होते असा आरोपच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली म्हटले की आता उरलेल्या एकाला कटासाठी शिक्षा देता येणार नाही, कारण त्याने करार केला तरी कोणाशी? बनावट कागदपत्रे वापरल्याचे इतर गुन्हे त्याच्यावर सिद्ध होऊ शकतात, तो प्रश्न निराळा. आरोपपत्रात ‘व इतर अज्ञात इसम’ हे शब्द का घातले जातात, ते या निकालामुळे कळते.

अपप्रेरणेला असा करार लागत नाही. कलम ४५ तिचे तीन मार्ग सांगते : चिथावणी देणे, कटात सामील होणे आणि हेतुपुरस्सर साहाय्य करणे. पहिल्या मार्गात दुसऱ्याचा होकार नसला तरी चालतो. कलम ४६खालच्या उदाहरणात क हा ख ला ग चा खून करायला चिथावतो, ख नकार देतो, तरी क अपप्रेरणेचा दोषी ठरतो. इथे कट नाही, कारण मने जुळली नाहीत. प्रयत्न नाही, कारण कोणी काही केले नाही. तरी गुन्हा आहे, आणि तो एकट्या क चा आहे. ज्याला चिथावले तो अजाण मूल असो वा वेडसर, आणि म्हणून स्वतः गुन्हेगार ठरत नसो, चिथावणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही. कटात हे जमणार नाही, कारण ज्याला समजच नाही त्याच्याशी करार कसला?

तिसऱ्या मार्गात, साहाय्यात, उलट घडू शकते. ज्याला मदत झाली त्याला ती कोणी केली हे माहीत असेलच असे नाही. महत्त्व आहे ते मदत करणाऱ्याच्या हेतूला. चांदीच्या ट्रकचा ड्रायव्हर घ्या. त्याने गाडी खाडीपर्यंत आणली हे निर्विवाद. त्याच्याशिवाय माल तिथे पोचलाच नसता. पण भाडे घेऊन भुसा पोचवायला निघालो, असे त्याला खरोखर वाटत असेल, तर त्याची मदत हेतुपुरस्सर नाही आणि अपप्रेरणाही नाही. पोत्यांखाली काय आहे हे त्याला ठाऊक असेल आणि त्यासाठीच तो निघाला असेल, तर मुंबईच्या खोलीत तो कधी बसला नसला तरी अपप्रेरक आहे. उलटतपासणीत ड्रायव्हरभोवती सगळे प्रश्न का फिरतात ते यावरून दिसेल : भाडे नेहमीपेक्षा जास्त होते का, रात्रीची वेळ कोणी ठरवली, मुख्य रस्ता सोडून खाडीकडे वळताना त्याने काही विचारले का.

दुसरा मार्ग, कटाने अपप्रेरणा, सगळ्यांत जास्त फसवतो, कारण तो कलम ६१शी जुळ्या भावासारखा दिसतो. इथे नुसता करार पुरत नाही. त्या करारानुसार कोणीतरी एखादी कृती किंवा बेकायदेशीर हयगय केलेली असली पाहिजे. कलम ४६ने त्याला एक बारकावा जोडला आहे, विषाच्या उदाहरणातून. क आणि ख यांनी एकाला विष घालायचे ठरवले. ख ने ग ला बेत सांगितला, क चे नाव मात्र सांगितले नाही. ग ने विष आणून ख ला दिले, क ने ते घातले. क आणि ग यांची कधी गाठ पडली नाही, तरी ग अपप्रेरक ठरतो, कारण ज्या कटातून खून झाला त्यात तो शिरला होता.

हे जुळे भाऊ जन्मले कसे, त्याला महाराष्ट्राचा एक धागा आहे. १८६०च्या दंड संहितेत सर्वसाधारण कट हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. तो अपप्रेरणेचा एक प्रकार होता, आणि राजाविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या कटासाठी १८७० साली घातलेले वेगळे १२१-अ होते. १९०९च्या डिसेंबरात नाशिकला कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला आणि पुढचे खटले उभे राहिले तेव्हा सरकारच्या हाती एवढीच हत्यारे होती. सावरकरांना झालेल्या दोन जन्मठेपांपैकी दुसरी जॅक्सन यांच्या खुनाच्या अपप्रेरणेसाठी होती. लंडनहून पाठवलेली पिस्तुले त्या खटल्याच्या मुळाशी होती. खून होताना ते हजारो मैल दूर होते. २३ डिसेंबर १९१२ रोजी दिल्लीत चांदणी चौकात व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बॉम्ब पडला, आणि १९१३ साली १२०-अ व १२०-ब ही कलमे संहितेत आली. आता सरकारला कृतीची वाट पाहण्याची गरज उरली नाही. स्वातंत्र्यानंतर ही कलमे कोणी काढली नाहीत. नव्या संहितेतही ती जवळजवळ त्याच शब्दांत आहेत.

मराठी वृत्तपत्रे वाचणाऱ्याला अपप्रेरणा ओळखीची आहे ती ‘आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा’ या बातमीतून. तिथे चिथावणीची व्याख्या रोज ताणली जाते. ‘जा, मर’ असे भांडणात म्हटले आणि दोन दिवसांनी त्या माणसाने जीव दिला, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली खटलाच रद्द केला. रागाच्या भरात निघालेले शब्द चिथावणी होत नाहीत, आणि मधले दोन दिवस त्या माणसाच्या हातात होते. बोलणाऱ्याचा हेतू आणि घडलेली गोष्ट यांत जिवंत दुवा दिसला पाहिजे. ज्यांना हा भाग सविस्तर हवा आहे त्यांच्यासाठी पुढे वेगळे प्रकरण आहे.

तिन्हींतला फरक पुस्तकी वाटत असेल तर शिक्षेचा हिशेब करून पाहावा. राहत्या घरातली चोरी घेऊ, जास्तीत जास्त सात वर्षे. चोरी झाली, तर चिथावणारा आणि कटातला, दोघांनाही चोराइतकीच, म्हणजे सात वर्षांपर्यंत. चोर कुलूप तोडून आत गेला आणि कपाट रिकामे निघाले, तर कलम ६२ खाली प्रयत्न, अर्धी शिक्षा, साडेतीन वर्षांपर्यंत. रिकामी पेटी फोडणारा आणि रिकाम्या खिशात हात घालणारा, अशी दोन्ही उदाहरणे कायद्यातच दिली आहेत. आणि नुसते ठरले किंवा नुसती चिथावणी झाली, पण कोणी घराकडे फिरकलेच नाही, तर एक चतुर्थांश, पावणेदोन वर्षांपर्यंत. कटाला स्वतःचा असा आकडा नाही. मोठ्या गुन्ह्यांच्या कटाला अपप्रेरणेची शिक्षा लावा, एवढेच कलम ६१ म्हणते, आणि किरकोळ गोष्टींच्या कटाला सहा महिन्यांपर्यंत. खुनाचा हिशेब वेगळा आहे. खून ठरला किंवा त्यासाठी चिथावले आणि खून झाला नाही, तर सात वर्षांपर्यंत. खुनाचा प्रयत्न झाला तर दहा वर्षांपर्यंत, जखम झाली तर जन्मठेपेपर्यंत.

मन बदलले तर? इथे तिघांच्या वाटा सगळ्यांत स्पष्टपणे वेगळ्या होतात. प्रयत्नाची रेघ ओलांडण्यापूर्वी जो मागे वळतो तो सुटतो. भाताच्या ट्रकच्या निकालात हीच सवलत बोलते. कटात ती नाही. खोलीतून उठून दुसऱ्या सकाळी ‘मी यात नाही’ असे कळवणारा माणूस त्यानंतर इतरांनी केलेल्या गोष्टींपासून स्वतःला सोडवू शकतो, पण आदल्या रात्रीचा करार पुसता येत नाही. न्यायाधीश फार तर शिक्षेत त्याचा विचार करतील. चिथावणीचेही तसेच, शब्द तोंडातून गेला की गेला. त्यामुळे कटातून बाहेर पडलेल्या माणसापुढे व्यवहारात एकच फायद्याचा रस्ता उरतो, माफीचा साक्षीदार होण्याचा. आणि त्याच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा शोधणे हे कटाच्या खटल्यातले सगळ्यांत कंटाळवाणे आणि सगळ्यांत निर्णायक काम होऊन बसते.

या पुस्तकाची पाने जुळत असताना कटाच्या कलमाला एक नवे महत्त्व आले आहे, तेही नोंदवून ठेवतो. मनी लाँडरिंगविरोधी कायद्याला एक परिशिष्ट आहे, आणि त्यातल्या गुन्ह्यातून पैसा आला असेल तरच ईडीला हात घालता येतो. त्या परिशिष्टात १२०-ब आहे. त्यामुळे युक्तिवाद असा होऊ लागला की मूळ गुन्हा परिशिष्टात नसला तरी त्याला कटाचे कलम जोडले की काम झाले. तसे मानले तर दोन माणसांनी मिळून केलेला जवळजवळ कोणताही गुन्हा त्या कायद्यात ओढता आला असता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ही वाट बंद केली : कट ज्या गुन्ह्यासाठी झाला तो गुन्हाच परिशिष्टात असला पाहिजे, एकट्या १२०-ब वर भागणार नाही. म्हणून आता अशा प्रकरणात जामिनाचा अर्ज लिहिताना पहिला प्रश्न तोच विचारावा लागतो जो चांदीच्या खटल्यात विचारायचा होता. करार झाला असेल, पण नेमका कोणता गुन्हा करण्याचा?